अंगणात भोवरा फिरवायचा, पण तो घसरता कामा नये

शॉट सहा सेकंदांचा होता. एका जुन्या घराचं अंगण, खाली शहाबादी फरशी, मध्ये तुळशीवृंदावन आणि मागे लाकडी दरवाजा. कॅमेरा हातात धरून मी डावीकडून उजवीकडे साधारण एक मीटर चालत गेले. अंगणात प्रत्यक्षात काहीच फिरत नव्हतं. फरशीवर गरगरणारा लाकडी भोवरा मला नंतर संगणकात तयार करून त्या चित्रीकरणात बसवायचा होता.

भोवरा बनवणं सोपं. रंग, लाकडाच्या रेषा, खालची लोखंडी आर, सगळं दोन दिवसांत झालं. अवघड गोष्ट एकच: कॅमेरा हलत असताना भोवरा फरशीच्या त्याच ठिपक्यावर टेकलेला दिसला पाहिजे. तो दोन-तीन पिक्सेल जरी सरकला, तरी ज्याला यातलं काहीही कळत नाही तोसुद्धा म्हणतो, "हे वरून चिकटवल्यासारखं वाटतंय." काय चुकलंय ते त्याला सांगता येत नाही, पण डोळ्याला ते खुपतं. ही घसरण का होते आणि ती पाहून नेमकी चूक कशी ओळखायची, एवढंच मला इथे नीट सांगायचं आहे.

आधी मूळ कल्पना. भोवरा त्रिमित जगात आहे आणि त्याचं चित्र काढायला संगणकातही एक कॅमेरा लागतो. खऱ्या कॅमेऱ्याने प्रत्येक फ्रेमला जिथे उभं राहून, ज्या दिशेला आणि जेवढ्या रुंद नजरेने पाहिलं, तसंच संगणकातल्या कॅमेऱ्याने पाहिलं, तर भोवरा आपोआप जागेवर बसतो. भोवऱ्याला फ्रेमनुसार हलवायचं नसतं. तो स्थिर राहतो, कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो. खऱ्या कॅमेऱ्याची ही हालचाल चित्रीकरणातूनच शोधून काढण्याच्या कामाला मॅचमूव्ह म्हणतात.

पण नुसत्या चित्रातून कॅमेरा कुठे होता हे कळतं कसं? अंगणातच उभं राहून बघा. आपण उजवीकडे सरकलो की जवळचं वृंदावन मागच्या दरवाज्यासमोरून डावीकडे सरकतं. आधी झाकलेली कडी दिसायला लागते. जवळच्या वस्तू जास्त सरकतात, लांबच्या कमी. या फरकाला पॅरलॅक्स म्हणतात आणि सगळं गणित त्याच्यावर उभं आहे. चित्रातले वीस-पंचवीस ठिपके प्रत्येक फ्रेमला कुठे गेले हे कळलं, तर कोणता ठिपका किती लांब आहे आणि कॅमेरा किती सरकला हे दोन्ही एकदमच उलगडतं. म्हणूनच कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून नुसता वळवला तर अंतरं कळत नाहीत. तिथे वृंदावन आणि दरवाजा एकत्रच सरकतात. अशा शॉटमधून फक्त कॅमेऱ्याचं वळणं सापडतं. ते चालतं, पण मग वस्तू किती लांब ठेवायची हे आपल्याला टेपने मोजूनच ठरवावं लागतं.

चित्रीकरणाच्या दिवशी मी एका कागदावर चार गोष्टी लिहून ठेवल्या: लेन्स 24 मिलिमीटर, सेन्सरची रुंदी 23.5 मिलिमीटर, कॅमेऱ्याची उंची साधारण दीड मीटर, आणि एका फरशीची बाजू 58.5 सेंटीमीटर. शेवटचा आकडा सगळ्यात मोलाचा. शहाबादी फरशीला सगळे दोन फुटी म्हणतात, पण प्रत्येक घरातली फरशी वेगळी निघते, त्यामुळे टेप लावून मोजायचीच. तो एक आकडा नसेल तर संगणकाला हे अंगण खेळण्यातल्या घराचं आहे की शनिवारवाड्याचं, हे कळायला काहीच मार्ग नाही. चित्र दोन्हींचं सारखंच दिसतं.

कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण मी बंद केलं होतं. मोबाईलवर चित्रीकरण करणाऱ्यांना हे मुद्दाम सांगते, कारण तिथे ते सहसा आधीपासून सुरूच असतं. हात हलला की फोन चित्राचा कडेचा भाग कापून मधला तुकडा सरकवतो. बघायला छान वाटतं, पण प्रत्येक फ्रेमला चित्राचा मध्य बदलतो आणि गणित धरून चालतं की तो कायम एकाच जागी आहे. फोनच्या ज्या अॅपमध्ये स्थिरीकरण बंद करता येतं, झूम आणि फोकस बांधून ठेवता येतात, तेच वापरा.

शटर मी 1/100 ठेवलं. सेकंदाला 25 फ्रेमच्या चित्रीकरणात 1/50 नेहमीचं, पण हातातल्या कॅमेऱ्यात त्याने फरशीचे कोपरे पुसट होतात आणि ठिपका पकडता येत नाही. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ओसरीवरच्या ट्यूबलाइटचा फडफडाट 1/50 आणि 1/100 दोन्हींत येत नाही. 1/80 ठेवलं असतं तर आला असता.

आणखी एक गोष्ट केली. भोवरा जिथे फिरणार त्या फरशीच्या आसपास पाच काळ्या टिकल्या चिकटवल्या. हो, कपाळावरच्याच. फरशी घासून गुळगुळीत झालेली होती आणि मधल्या भागात पकडण्यासारखं काही नव्हतं. एकदा मी ठिपक्यांच्या रांगोळीवर विसंबून शॉट घेतला होता. दिसायला ठिपकेच ठिपके होते, पण सगळे एकसारखे. माग काढणारं सॉफ्टवेअर एका ठिपक्यावरून शेजारच्या ठिपक्यावर उडी मारायचं आणि आपण चुकलोय हे त्याला कळायचंच नाही. टिकल्या मी विखरून, अनियमित लावते आणि काम झालं की चित्रातून पुसून टाकते.

सॉफ्टवेअर म्हणून मी ब्लेंडर वापरते, कारण ते फुकट आहे आणि 2011 साली आलेल्या 2.61 या आवृत्तीपासून त्यात हे काम करता येतं. मोठ्या स्टुडिओत थ्रीडी-इक्वलायझर, सिंथआइज, पीएफट्रॅक असतात. बटणं वेगळी, पण खाली जे लिहिलंय ते सगळीकडे तसंच लागू होतं.

आधी व्हिडिओच्या सुट्या फ्रेम करून घ्यायच्या. मोबाईलच्या व्हिडिओत फ्रेममधलं अंतर कमीजास्त असतं, आणि ते 25 वर जबरदस्तीने बसवलं तर एखादी फ्रेम दोनदा येते. दोनदा आलेली फ्रेम म्हणजे कॅमेरा क्षणभर थबकला आणि मग झेपावला, असं गणिताला वाटतं. म्हणून जेवढ्या फ्रेम खरंच चित्रित झाल्यात तेवढ्याच, जशाच्या तशा काढायच्या:

```
ffmpeg -i angan.mov -fps_mode passthrough angan_%04d.png
```

माझ्या शॉटच्या 150 फ्रेम निघाल्या, 1920 गुणिले 1080 पिक्सेलच्या.

आता ठिपके निवडणं. यातच निम्मं काम आहे आणि इथे घाई केली की पुढे तीन दिवस जातात. ठिपका म्हणजे अशी जागा जी खऱ्या जगात एका जागी खिळलेली आहे आणि दोन्ही दिशांना ओळखता येते. फरशीचा सांधा नुसता आडवा जात असेल तर त्याच्यावर ठिपका ठेवून उपयोग नाही, तो सांध्यावरून आडवा वाहत जातो. चार फरश्या मिळतात तो कोपरा चांगला. दरवाज्यावरच्या खिळ्याचं डोकं उत्तम. वृंदावनाच्या दगडावरचा टवका उत्तम.

फसवे ठिपके ओळखायला मात्र नजर तयार व्हावी लागते. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी होती आणि ती ओसरीच्या खांबाच्या कडेवरून जाताना झकास फुली करत होती. सॉफ्टवेअरने ती 150 च्या 150 फ्रेम अचूक धरून ठेवली. पण त्या जागी खरी वस्तूच नाही. दोरी पुढे, खांब मागे. कॅमेरा हलला की फुली दोरीवरून सरकते. असाच फसवा ठिपका म्हणजे तुळशीपुढच्या पितळी तांब्यावरचा उन्हाचा चमचमता कण. तोही कॅमेऱ्याबरोबर तांब्यावरून चालत जातो. पानं, दोरीवरचा टॉवेल, माणसाची सावली हे उघडच सोडायचं. फुली आणि चमक मात्र मुद्दाम शोधून काढावी लागते, कारण माग काढताना ती सगळ्यात शहाण्यासारखी वागते.

ब्लेंडर ज्या दोन मुख्य फ्रेमवरून गणिताला सुरुवात करतं, त्या दोन्हींत निदान आठ ठिपके सामाईक लागतात. आठांवर काम करू नका. मी 26 ठेवले, आणि ते जवळ, मध्यावर आणि लांब असे पसरवले. सगळे ठिपके फरशीवरच असतील तर सगळे एकाच पातळीत येतात आणि पॅरलॅक्सला काही धरून राहायला मिळत नाही. माझे 14 फरशीवर होते, पाच वृंदावनावर, बाकीचे दरवाजा आणि भिंतीवर.

ठिपक्यांचा माग झाला की `Solve Camera Motion`. इथे संगणक काय करतो ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. तो आधी अंदाज बांधतो: कॅमेरा इथे असेल, ठिपके तिथे असतील. मग त्या अंदाजातल्या कॅमेऱ्यातून ते ठिपके परत चित्रावर टाकून बघतो आणि खऱ्या ठिपक्यापासून किती पिक्सेल चुकले ते मोजतो. मग सगळे कॅमेरे आणि सगळे ठिपके थोडे थोडे हलवून ती एकूण चूक कमीत कमी होईपर्यंत घासत राहतो. शेवटी पडद्यावर एक आकडा येतो, `Solve error`, म्हणजे सरासरी किती पिक्सेलची चूक उरली. एक पिक्सेलच्या खाली आला की बरा, 0.3 ते 0.4 आला की छान, असं सगळे सांगतात.

या आकड्याने मला पुरतं फसवलं आहे, म्हणून त्याची गोष्ट सविस्तर सांगते. पहिल्यांदा सॉल्व्ह केलं तेव्हा चूक 1.8 पिक्सेल आली. मी नेहमीसारखे सगळ्यात जास्त चुकणारे ठिपके शोधले आणि एकेक उडवत गेले. दोरीची फुली गेली, ते ठीकच झालं. पण मग पायाजवळचे दोन फरशीचे कोपरे गेले, दरवाज्यावरचे तीन खिळे गेले. आकडा 0.7 वर आला आणि मी खूश झाले. मग दोन ठिपके घेऊन फरशीची आडवी बाजू `Set Scale` मध्ये 58.5 सेंटीमीटर दिली, आणि सवय म्हणून तीच फरशी खोलीच्या दिशेने, म्हणजे कॅमेऱ्यापासून लांब जाणारी बाजू, मोजली. ती भरली 50. चौरस फरशी आयत झाली होती.

चूक एका खान्यात होती. लेन्स 24 लिहिली होती, पण सेन्सरची रुंदी 36 मिलिमीटर राहिली होती, म्हणजे मोठ्या फुलफ्रेम कॅमेऱ्याची. 24 च्या लेन्समागे 23.5 चा सेन्सर असेल तर कॅमेऱ्याला आडवं 52 अंश दिसतं, 36 चा असेल तर जवळजवळ 74. संगणक समजत होता की नजर खूप रुंद आहे, त्यामुळे त्याने सगळं अंगण कॅमेऱ्याच्या दिशेने दाबून आखूड केलं. बहुतेक ठिपके अशा दाबलेल्या जगातही बऱ्यापैकी बसतात. जे बसत नव्हते ते अगदी जवळचे आणि अगदी लांबचे होते, आणि तेच मी उडवले होते. खरं बोलणारे साक्षीदार बाहेर काढून मी निकाल लावला होता.

सेन्सर 23.5 केला, उडवलेले ठिपके परत आणले, फक्त फुली बाहेर ठेवली. चूक 0.38 आली आणि फरशीची लांब जाणारी बाजू 58.2 भरली. तेव्हापासून ठिपका उडवायच्या आधी मी त्याचं कारण शोधते. तो फसवा आहे असं डोळ्यांनी दिसलं तरच उडवते. तीन-चार चांगले ठिपके एकाच भागात एकदम चुकत असतील तर चूक ठिपक्यांची नसते, लेन्सची असते. आणि एक माप द्यायला, दुसरं तपासायला, अशी दोन मापं नेहमी घेते. दुसरं माप पहिल्याच्या काटकोनात हवं, नाहीतर वरची चूक दिसणारच नाही.

लेन्सबद्दल अजून थोडं. रुंद लेन्समध्ये चित्राच्या कडेजवळच्या सरळ रेषा बाहेर फुगतात. भिंत आणि फरशी मिळते ती रेघ चित्राच्या खालच्या कडेला ठेवून एक फ्रेम घ्या आणि पट्टी लावून बघा, लगेच कळतं. हा फुगवटा सॉल्व्हलाच शोधायला सांगता येतो, `Refine` मध्ये. पण फुगवटा आणि फोकल लेंथ, म्हणजे लेन्सचा तो 24 चा आकडा, दोन्ही एकदम शोधायला लावलं आणि कॅमेरा फारसा हललेला नसेल, तर ते एकमेकांची चूक एकमेकांवर ढकलून छान आकडा देतात. फोकल लेंथ माहीत असेल तर बांधून ठेवा आणि फक्त फुगवटा शोधू द्या. शेवटी भोवऱ्याच्या चित्रालाही तोच फुगवटा द्यायचा असतो. खऱ्या चित्राला सरळ करत बसायचं नाही, त्यात त्याचा तजेला जातो.

आता फरशी. तीन ठिपके निवडून `Set Floor`, एक निवडून `Set Origin`. तीन ठिपके शक्य तितके लांब लांबचे घ्यायचे. एकमेकांजवळचे घेतले तर एका ठिपक्याची मिलिमीटरभर चूक अंगणाच्या दुसऱ्या टोकाला कित्येक सेंटीमीटरचा उतार होते.

भोवरा बसवला, शॉट चालवला, आणि तो घसरला. कॅमेरा उजवीकडे जात होता आणि भोवरा फरशीवरून हळूहळू डावीकडे चालत होता, सगळा मिळून पाच-सहा पिक्सेल.

इथे बहुतेक जण सॉल्व्ह पुन्हा करायला धावतात. जरा थांबा. घसरण कोणत्या बाजूला आहे ते बघा. वस्तू कॅमेऱ्याच्या उलट दिशेने सरकत असेल, तर ती आपल्याला वाटते त्यापेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ आहे, म्हणजे फरशीच्या वर तरंगते आहे. कॅमेऱ्याच्याच दिशेने सरकत असेल, तर ती फरशीत बुडलेली आहे. कारण तेच, वृंदावन आणि दरवाज्याचं: जवळचं मागच्याच्या पुढून उलट सरकतं. एका स्थिर फ्रेममध्ये हे कधीच दिसत नाही, कारण तरंगणारा भोवरा आणि कॅमेऱ्यापासून थोडा लांब, फरशीवर ठेवलेला भोवरा एकाच जागी दिसतात. कॅमेरा हलला की बिंग फुटतं.

किती तरंगतो आहे हेही काढता येतं. कॅमेरा दीड मीटर उंचीवर आहे आणि एक मीटर सरकला. भोवरा फरशीपासून एक सेंटीमीटर वर असेल, तर कॅमेऱ्यातून त्याच्या आरीला जाणारी नजर पुढे फरशीला जिथे लागते ती जागा 1 भागिले 149 या प्रमाणात उलट सरकते. म्हणजे एका मीटरला साधारण सात मिलिमीटर. आणि पिक्सेलमध्ये? माझ्या लेन्समधून दोन मीटरवर चित्राची पूर्ण रुंदी 1.96 मीटर भरते. ती 1920 पिक्सेलमध्ये वाटली की एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर. भोवरा कॅमेऱ्यापासून दोन मीटरपेक्षा किंचित लांब होता, तेव्हा सात मिलिमीटर म्हणजे सहा-एक पिक्सेल. मला दिसत होतं तेवढंच. सॉल्व्हमध्ये काही बिघडलं नव्हतं, भोवराच सेंटीमीटरभर हवेत होता.

हवेत का होता? मी अंगण सपाट धरलं होतं. जुन्या अंगणातल्या फरश्या पाणी वाहून जावं म्हणून मोरीकडे उतरत्या बसवलेल्या असतात, आणि भोवऱ्याखालची फरशी तर मध्ये खचलेली होती. दूरदूरच्या तीन ठिपक्यांवरून काढलेली पातळी तिथे खऱ्या फरशीच्या वरून जात होती. इथे टिकल्या उपयोगी पडल्या. भोवऱ्याच्या जागेला अगदी लागून असलेली टिकली निवडली, `Link Empty to Track` ने तिच्या खऱ्या त्रिमित जागेवर एक खूण तयार झाली, आणि भोवऱ्याची आर त्या उंचीवर आणली. घसरण एका पिक्सेलच्या आत आली. म्हणून वस्तू जिथे टेकणार तिथेच एक ठिपका हवा, बाकीच्या अंगणात कितीही असोत.

दुसरी तक्रार वेगळ्या जातीची होती. 88 व्या फ्रेमला भोवरा एकदम दोन पिक्सेल उडी मारून परत शांत व्हायचा. घसरण हळूहळू होते, उडी एका फ्रेममध्ये होते, आणि दोघींची कारणं वेगळी असतात. 88 व्या फ्रेमला वृंदावनाच्या पायथ्याचे तीन ठिपके एकदम चित्राबाहेर गेले होते. 87 पर्यंत ते कॅमेऱ्याला थोडंसं एका बाजूला ओढत होते, 88 ला ओढ सुटली आणि कॅमेरा झटक्यात सरकला. उपाय सोपा आहे. प्रत्येक ठिपक्याला `Weight` नावाचं वजन असतं. बाहेर जाणाऱ्या ठिपक्याचं वजन शेवटच्या दहा-बारा फ्रेममध्ये 1 वरून 0 वर उतरवत न्यायचं, आणि नव्याने येणाऱ्याचं तसंच हळूहळू चढवायचं. मग ओढ एकदम सुटत नाही. उडी ठिपक्याच्या ये-जा करण्याशी जुळत नसेल, तर फ्रेम दोनदा आलीय का ते बघा.

तिसरा प्रकार थरथरण्याचा. वस्तू जागा सोडत नाही, पण सतत कुडकुडते. बहुतेकदा फ्रेममध्ये ठिपके कमी उरलेले असतात किंवा पुसट झालेले असतात. कॅमेऱ्याची वाट नंतर गुळगुळीत करून हे झाकायचा मोह होतो. करू नका. खरा हात थरथरला असेल तर संगणकातला कॅमेराही तसाच थरथरायला हवा, नाहीतर फरशी थरथरते आणि भोवरा शांत उभा राहतो.

आणि एक चूक अशी जी मागून दुरुस्त करणं फार अवघड जातं. बहुतेक कॅमेरे चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतात. वाचायला 20 मिलिसेकंद लागत असतील, तर सर्वांत खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा अर्धी फ्रेम उशिराची असते. कॅमेरा झटक्याने वळवला की दरवाज्याच्या उभ्या चौकटी तिरक्या होतात. गणिताच्या मते एक फ्रेम म्हणजे एकच क्षण, आणि ही तिरकी चौकट त्यात बसत नाही. माझ्या शॉटमध्ये मी हळू चालले, म्हणून वाचले. जिथे कॅमेरा वेगाने वळतो तिथे शॉट पुन्हा घेणं सगळ्यात स्वस्त पडतं.

कॅमेरा जुळल्यावर पुसटपणा जुळवायचा. 1/100 शटर म्हणजे 25 फ्रेममधल्या एका फ्रेमचा पाव भाग, म्हणून ब्लेंडरच्या मोशन ब्लरमध्ये `Shutter` 0.25. तिथे आधीपासून असलेला 0.5 तसाच ठेवला असता तर भोवरा अंगणापेक्षा दुप्पट पुसट दिसला असता.

मग उरली सावली. इथे मॅचमूव्हचा एक फायदा आहे जो मला खूप आवडतो. उन्हाची दिशा अंदाजाने ठरवायची गरज नसते. वृंदावनाच्या वरच्या कोपऱ्यावर एक ठिपका होताच. त्या कोपऱ्याची सावली फरशीवर जिथे पडली होती तिथे दुसरा ठिपका ठेवला. सहा सेकंदांत सूर्य हलत नाही, तेव्हा तोही खिळलेलाच. सॉल्व्ह झाल्यावर दोघांच्या त्रिमित जागा मिळाल्या, आणि सावलीच्या टोकापासून कोपऱ्याकडे जाणारी सरळ रेघ म्हणजेच सूर्याची दिशा. कोपरा फरशीपासून 90 सेंटीमीटर वर होता, सावली त्याच्या पायथ्यापासून 52 सेंटीमीटरवर. म्हणजे ऊन साठ अंशांचं. संगणकातला दिवा त्या रेघेवर ठेवला.

त्या सावलीनेच शेवटची तपासणीही केली. साठ अंशांच्या उन्हात एक सेंटीमीटर तरंगणाऱ्या भोवऱ्याची सावली आरीपासून सहा मिलिमीटर सुटून पडते. भोवरा खाली आणायच्या आधीच्या चित्रात बघितलं, तर आर आणि सावलीच्या मध्ये फरशीची एक उजळ चीर दिसत होती, पाच-सहा पिक्सेलची. दुरुस्तीनंतरच्या चित्रात 1 ते 150, एकेक फ्रेम पुढे नेत मी फक्त तीच जागा बघितली. आर आणि सावली प्रत्येक फ्रेमला एकाच ठिपक्यावर भेटत होत्या.